वेग आणि वेळापत्रक

शाळेच्या वेळापत्रकात प्रार्थनेसाठी वेळ राखून ठेवलेली असते, कवायतीसाठी असते, पोषण आहारासाठीही असते. कचेरीत चहाची वेळ कोठे लिहिलेली नसली तरी ती सर्वांना ठाऊक असते. एका गरजेला मात्र या दोन्ही ठिकाणी स्थान नाही, आणि ती गरज म्हणजे शौचाची. ती प्रत्येकाने सकाळी घरीच उरकून यावी, आणि ज्याची उरकली नसेल त्याने ती संध्याकाळपर्यंत आवरून धरावी, असा जणू अलिखित नियमच आहे. वर्गात करंगळी वर करणाऱ्या मुलाला गुरुजी सहज सोडतात. पण दोन बोटे वर करणाऱ्याकडे सारा वर्ग वळून पाहतो. त्या एका नजरेने ते मूल पुढे वर्षभर बोटे वर करीत नाही.

यात एवढे बिघडले काय, असे कोणी विचारील. एखाद्या दिवशी बैठक लांबली, एस. टी. वाटेत खोळंबली आणि शौचाचा वेग चार तास आवरावा लागला, तर खरोखरच काही बिघडत नाही. शरीराला तेवढी सवलत निसर्गानेच दिलेली आहे. बिघडते ते ही सवलत रोजची झाली म्हणजे. बद्धकोष्ठतेचा दोष सामान्यतः आहारावर, पाण्यावर किंवा ‘प्रकृती’वर टाकला जातो. या गोष्टींचा वाटा आहेच. परंतु शाळकरी मुले आणि नोकरदार माणसे यांच्या बाबतीत एक कारण वारंवार नजरेआड होते: मलावरोध हा पुष्कळदा शिकलेला असतो, आणि तो शिकविण्याचे काम शाळेची घंटा व कचेरीचा हजेरीपट करीत असतात.

हाक केव्हा येते?

मोठे आतडे दिवसभर सारख्याच जोराने काम करीत नाही. बराच काळ ते आतील द्रव मळ सावकाश घुसळीत असते. लहान आतड्यातून त्याच्याकडे रोज सुमारे दीड लिटर द्रव येतो; त्यातील बहुतेक सर्व पाणी शोषून घेतले जाते आणि मळाबरोबर बाहेर पडते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. दिवसातून काही मोजक्या वेळा मात्र या आतड्यात एक जोरदार लाट उठते आणि मळ एकदम पुढे, गुदाशयात ढकलला जातो. ही लाट उठण्याच्या मुख्य वेळा दोन: सकाळी जाग आल्यावर, आणि जेवणानंतर. रिकाम्या जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याला इशारा मिळतो. सकाळचा चहा घेताच अनेकांना परसाकडे जावेसे वाटते, ते याचमुळे.

गुदाशय ताणला गेला की माणसाला वेगाची जाणीव होते. त्याच क्षणी गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो. त्यावर माणसाची सत्ता नाही. बाहेरचा स्नायू मात्र इच्छेच्या ताब्यात असतो. सोय असेल तर तो सैल सोडला जातो आणि पोट साफ होते. सोय नसेल तर तो आणि त्याच्यालगतचा कटितळाचा स्नायू आवळून धरले जातात. मग काही मिनिटांत गुदाशयाची भिंत आलेल्या मळाशी जुळवून घेते, ताण कमी होतो आणि वेग विरून जातो. माणसाला वाटते, प्रश्न मिटला. प्रत्यक्षात मळ तेथेच किंवा किंचित वर थांबलेला असतो, आणि पुढची लाट येण्यास आणखी काही तास, कदाचित दुसरा दिवसही लागतो. तेवढा वेळ आतड्याचे पाणी शोषण्याचे काम चालूच राहते. सकाळी मऊ असलेला मळ संध्याकाळपर्यंत घट्ट होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे खडे बनतात.

हा केवळ तर्क नव्हे. १९९० साली जर्मनीतील संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर एक साधा प्रयोग केला. त्यांचा आहार तोच ठेवला आणि त्यांना एक आठवडा शौचाचा वेग शक्य तेवढा दाबून धरण्यास सांगितले. शौचाचे प्रमाण घटले, यात नवल नाही. परंतु मळाचा आतड्यातील प्रवासही मंदावला, आणि तो केवळ शेवटच्या टप्प्यात नव्हे, तर मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या, उजव्या भागातही मंदावला. दार अडविले की मागची सारी रांग अडते, तसाच हा प्रकार. बद्धकोष्ठता शिकता येते काय, हाच त्या संशोधकांचा प्रश्न होता. एका आठवड्यात निरोगी आतड्यात एवढा फरक पडत असेल, तर दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात काय होत असेल याची कल्पना करता येते.

मोताळ्याची मुलगी, मलकापूरचा लिपिक

ही प्रक्रिया आयुष्यात कशी उतरते हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील दोन नमुने घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहेत, परिस्थिती काल्पनिक नाही.

मोताळा तालुक्यातील एका खेड्यातून आठवीतील एक मुलगी सकाळच्या पाळीच्या शाळेसाठी बुलढाण्यास येते असे समजा. ती साडेपाचला उठते, सहाला घाईघाईने चहा-बिस्किट घेते आणि सव्वासहाची बस गाठते. चहाने जागी झालेली आतड्याची लाट तिला राजूर घाटात गाठते. बसमध्ये काही करता येत नाही. ती पाय आवळून बसते आणि वेग ओसरतो. साडेनऊच्या सुट्टीत ती डबा खाते. जठरात अन्न पडल्यावर पुन्हा हाक येते, पण ती घास गिळताक्षणीच येत नाही; पंधरा-वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने येते. तोवर सुट्टी संपून पुढचा तास सुरू झालेला असतो. ती परवानगी मागते आणि उत्तर मिळते, ‘आत्ताच तर सुट्टी झाली!’ शिक्षकांचे हे उत्तर त्यांच्या दृष्टीने रास्त असते. शरीराच्या दृष्टीने मात्र तीच वेळ खरी असते. दुपारी दीडला ती घरी पोहोचते तेव्हा दोन्ही हाका विरून गेलेल्या असतात.

पहिले काही महिने ती सुट्टीच्या दिवशी भरपाई करते. मग रोजचे शौच एक दिवसाआड होते, पुढे तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशीचा मळ जाड आणि कोरडा असतो. तो बाहेर पडताना गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला चीर पडते; कापल्यासारखी वेदना होते आणि लाल रक्ताचे दोन थेंब दिसतात. घरात ‘मूळव्याध झाली’ असे निदान होते. वास्तविक या वयात ती बहुधा चीर असते. येथून पुढे कारण बदलते. आजवर ती सोय नाही म्हणून वेग आवरीत होती; आता वेदनेच्या भीतीने घरीही आवरू लागते. आवरल्यामुळे मळ अधिक कडक होतो, कडक मळामुळे वेदना वाढते आणि वेदनेमुळे आवरणे वाढते. शाळेने लावलेली सवय आता शाळेची मोताद राहिलेली नसते.

यापुढची पायरी अधिक फसवी आहे. सतत भरलेला गुदाशय हळूहळू रुंदावतो. रुंद गुदाशय ताणला जाण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक मळ लागतो. म्हणून वेगाची जाणीवच उशिरा आणि अस्पष्ट होते. ‘मला लागतच नाही’ असे मूल सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. लहान मुलांत तर साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. पालक त्याला जुलाब समजतात आणि जुलाब थांबविण्याचे औषध देतात. म्हणजे नेमके उलटे. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावरही दाब आणतो. वारंवार लघवीची परवानगी मागणारे, अंथरूण ओले करणारे किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने पुनःपुन्हा आजारी पडणारे मूल पुष्कळदा खोडकर वा आळशी नसते. त्याचे पोट साफ होत नसते.

दुसरा नमुना लिपिकाचा. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असले तरी तेथे रेल्वे नाही. मलकापूर, खामगाव, चिखलीकडून नोकरीसाठी येणाऱ्यांची मदार रस्त्यावर. मलकापुरात राहून बुलढाण्याच्या कचेरीत काम करणारा लिपिक न्याहारी करून लगेच निघतो. न्याहारीनंतरची हाक प्रवासात वाया जाते, दुपारच्या जेवणानंतरची हाक टेबलापुढील रांगेत. कचेरीतील संडास अस्वच्छ, किंवा साहेबांच्या दालनालगत, किंवा तेथे पाणी नाही. म्हणून तो ‘घरी जाऊन पाहू’ म्हणतो. रात्री तो बराच वेळ कुंथत बसतो. वेग नसताना कुंथणे म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर धावणे होय. शिवाय वर्षानुवर्षे आवळण्याची सवय लागलेले स्नायू कुंथतानाही सैल पडण्याऐवजी आवळले जाऊ लागतात. अशा माणसाला औषध घेऊनही समाधान लाभत नाही, कारण त्याचे आतडे नव्हे, तर त्याचे स्नायू चुकीचा धडा गिरवीत असतात.

शिक्षिकांची अडचण याहून बिकट. खामगावात राहून संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील शाळेत शिकविणारी स्त्री दिवसभर संडासात जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. आवरलेला वेग आणि कमी प्यालेले पाणी, दोहोंचा जाच ती एकदमच सोसते.

संडास आहे, पण वापरता येतो काय?

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुला-मुलींसाठी स्वतंत्र संडास बंधनकारक केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांत ही सोय सहा महिन्यांत करण्यास राज्यांना बजावले. २०१४ नंतर स्वच्छ विद्यालय मोहिमेत संडास बांधले गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे शासनाने जाहीर केले. कागदावर खोली आहे. परंतु आवरून धरणाऱ्या मुलीसाठी खोली असणे पुरेसे नाही. आत कडी हवी, बादलीत पाणी हवे आणि दाराला कुलूप नको.

एक साधा हिशेब करून पाहावा. मोहिमेतील अपेक्षा साधारण चाळीस विद्यार्थ्यांमागे एक संडास अशी होती. एका शाळेत १२० मुली आहेत आणि नियमाप्रमाणे तीन संडास आहेत असे समजा. एकाला कुलूप आहे, कारण तो शिक्षकांसाठी राखलेला. दुसऱ्याची कडी मोडलेली. उरला एक. अर्ध्या तासाच्या सुट्टीतील पंधरा मिनिटे जेवणात गेली, तर उरलेल्या पंधरा मिनिटांत, प्रत्येकी पाच मिनिटे धरल्यास, तीन मुली जाऊन येऊ शकतात. दहातील एकीला जरी गरज वाटली तरी संख्या बारा होते. उरलेल्या नऊ जणी आवरतात. मोडलेली एक कडी दुरुस्त केली की ही संख्या तीनने कमी होते. लाखांच्या योजनेपेक्षा लोहाराकडील एका कडीने येथे अधिक काम होईल.

पाण्याचा प्रश्न जिल्ह्यात जुना आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि उन्हाळ्यात घाटावरही टंचाई जाणवते. तथापि पिण्यास अयोग्य ठरलेले खारे पाणी संडासात चालते. पिण्याच्या पाण्याची आणि संडासाच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवली, तर टंचाईचे कारण पुढे करून संडास बंद ठेवण्याची पाळी पुष्कळ ठिकाणी येणार नाही.

चूर्णाची वाट आणि सवयीची वाट

असा त्रास सुरू झाला की बहुतेक जण प्रथम चूर्णाकडे वळतात. सोनामुखीसारखे रेचक एखाद्या वेळी घेण्यात गैर नाही. पण रात्री चूर्ण घ्यावयाचे आणि सकाळी वेग आला की बस पकडावयाची, यात उपाय आणि अपाय एकत्र नांदतात. इसबगोल किंवा कोंडा यांचीही मर्यादा आहे. ते मळाचा आकार वाढवितात. साचा घट्ट बसलेला असताना, आणि तोही पाण्याविना, आकार वाढविणे म्हणजे कोंडलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणे. आधी साचलेला मळ डॉक्टरांच्या सल्ल्याने मोकळा करावा लागतो. त्यानंतर मळ मऊ ठेवणारे औषध, उदाहरणार्थ लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल, पुरेसा काळ चालू ठेवावे लागते. मुलांच्या बाबतीत हा काळ कित्येक महिन्यांचा असतो. दोन आठवड्यांत गुण आला म्हणून पालक औषध बंद करतात आणि त्रास उलटतो. मऊ मळाने वेदना होत नाही हे मुलाला पटण्यास आणि रुंदावलेला गुदाशय पूर्ववत होण्यास तेवढा वेळ लागतोच.

औषधाच्या जोडीला सवय उलटी फिरवावी लागते, आणि तिचे सूत्र एकच: हाक येते तेव्हा जागा मोकळी हवी. निघण्यापूर्वी लगेच न्याहारी करण्याऐवजी ती अर्धा तास अलीकडे घ्यावी आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटे संडासात निवांत बसावे. वेग नसेल तर न कुंथता उठावे. उकिडवे बसण्याची भारतीय पद्धत येथे उपकारक आहे, कारण त्या स्थितीत गुदाशयाचा बाक सरळ होतो. उंच भांड्यावर बसणाऱ्याने पायांखाली पाट घ्यावा. लहान मुलांचे पाय तर लोंबकळता कामा नयेत. अशा नियमाने हरवलेली जाणीव परतते, पण सावकाश.

प्रत्येक मलावरोध आवरण्यानेच होतो असे मात्र नाही. थायरॉईडचा विकार, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामकांतील काही औषधे यांमुळेही तो होतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांमध्ये कोठेही शौचाचे प्रमाण असू शकते. रोज झालेच पाहिजे हा हट्ट निराधार आहे. परंतु त्याहून कमी वेळा होणे, दर वेळी कुंथावे लागणे, मळाचे खडे पडणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे राहिली तर दुर्लक्ष करू नये. पन्नाशीनंतर प्रथमच सवय बदलणे, मळात वारंवार रक्त, वजन घटणे किंवा पोट फुगून उलट्या होणे, असे काही दिसल्यास चूर्णाच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडेच जावे.

शाळेने काय करावे?

मुख्याध्यापकांना यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला कोणाही विद्यार्थ्याला कारण न विचारता बाहेर जाऊ द्यावे, एवढा एक नियम शिक्षकांच्या बैठकीत करता येईल. काही मुले त्याचा गैरफायदा घेतील, ही शंका खरी आहे. पण व्हरांड्यात पाच मिनिटे रेंगाळणाऱ्या दोघांचे नुकसान आणि महिनोन्महिने पोट आवळून बसणाऱ्या एकाचे नुकसान यांची तुलना होऊ शकत नाही. बोटे वर करून वर्गासमोर जाहीर करण्याऐवजी दाराशी टांगलेला लाकडी बिल्ला उचलून जाण्याची रीत ठेवली, तर लाजेचा प्रश्नही बराच सुटेल. पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला तो मुलांच्या झोपेचा विचार करून. त्याचा लाभ पोटालाही मिळतो, हे पालकांनी ओळखावे आणि मिळालेला वेळ शिकवणीला देऊ नये. कचेऱ्यांत संडासाची किल्ली शिपायाच्या खिशात न राहता दाराच्या खिळ्यावर राहिली, तरी बरेच साधेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय याच विषयावर आहे. आवरू नयेत अशा तेरा शारीरिक वेगांत मळाचा वेग तेथे गणला असून तो दाबल्याने पोटात शूळ उठतो आणि मळ अडतो असे सांगितले आहे. त्याच अध्यायात आवरण्याजोगे वेगही दिले आहेत: लोभ, क्रोध, मत्सर इत्यादी मनाचे. शरीराचे वेग मोकळे सोडावेत आणि मनाचे आवरावेत, अशी ती वाटणी होती. वर्गात दोन बोटे वर करणाऱ्या मुलावर खेकसणारा शिक्षक तिच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उलट्या करीत असतो.